रिजेक्शनच्या मेलला मी काय उत्तर दिलं

खराडीतल्या एका कंपनीत डेटा अॅनालिस्टसाठी माझे सगळे राउंड झाले होते, एसक्यूएलची टेस्ट, मग केस स्टडी, मग मॅनेजरशी गप्पा, आणि शेवटी शुक्रवारी संध्याकाळी तो नेहमीचा मेल आला की आम्ही दुसऱ्या उमेदवारासोबत पुढे जातोय, तुमच्या वाटचालीसाठी शुभेच्छा. एवढ्या लांब जाऊन नकार आला की वाईट वाटतंच, पण मला त्याहून जास्त हे हवं होतं की नेमकं कुठे अडलं ते कळावं, कारण तसलेच राउंड मला पुढेही द्यायचे होते. आणि कंपनी मला खरंच आवडली होती, तिथे परत अप्लाय करायचं होतं.

माझी मावसबहीण बरीच वर्षं रिक्रूटमेंटमध्ये आहे, कोथरूडला राहते, तिला फोन लावला. तिने आधी विचारलं, "मेल कुठल्या अॅड्रेसवरून आलाय बघ." बघितलं तर no-reply वाला. "मग त्याला उत्तर देऊच नकोस, ते कोणी वाचत नाही. तुझा इंटरव्ह्यू ज्या मुलीने शेड्यूल केला तिच्या जुन्या मेलला रिप्लाय कर, त्याच थ्रेडवर." नवीन मेल टाकला तर समोरच्याला आठवावं लागतं की ही कोण, जुन्या थ्रेडमध्ये पोस्टचं नाव, तारीख, पॅनेलची नावं सगळं खाली असतंच. रिक्रूटरकडे एका वेळी बऱ्याच पोस्ट चालू असतात, त्यामुळे ही सोय करून देणं आपल्याच फायद्याचं.

दुसरी गोष्ट तिने सांगितली ती मला अजिबात माहीत नव्हती. फीडबॅक रिक्रूटरच्या डोक्यात नसतोच. इंटरव्ह्यू घेणारे सिस्टममध्ये मार्क आणि चार ओळींचा शेरा लिहितात, रिक्रूटर फार तर तो शेरा उघडून वाचू शकते. म्हणजे आपला प्रश्न असा हवा की त्या चार ओळी वाचून उत्तर देता येईल, पॅनेलला परत जाऊन विचारायला लागलं तर ती तो मेल बाजूला ठेवणार. आणि "मला का नाकारलं" असं तर विचारायचंच नाही. "अगं ताई, पण मला तेच तर हवंय ना," असं मी म्हटलं, तर ती म्हणाली की तसं विचारलंस की त्यांना निर्णयाची बाजू मांडावी लागते, आणि लेखी बाजू मांडायची म्हटलं की कंपन्या गप्प बसतात, पुढे त्यावरून वाद होईल ही भीती असते म्हणून बऱ्याच ठिकाणी तशी पॉलिसीच असते. "तू निर्णयाबद्दल विचारू नकोस, तुझ्या तयारीबद्दल विचार."

शनिवार-रविवार जाऊ दिला, सोमवारी दुपारी मेल पाठवला. रागात किंवा रडवेलं होऊन लगेच लिहू नये हे एक, पण फार थांबूनही उपयोग नाही, दोन-तीन आठवड्यांनी कोणाला काय आठवणार. मेल इंग्रजीत होता, मराठीत सांगायचं तर साधारण असा:

"नमस्कार, डेटा अॅनालिस्टच्या पोस्टबद्दल कळवल्याबद्दल धन्यवाद. निवड झाली नाही याचं वाईट वाटलं, पण केस स्टडीच्या राउंडमध्ये रिपीट ऑर्डरवर जी चर्चा झाली ती मला खूप आवडली, पॅनेलपर्यंत माझे आभार पोचवाल का? एक छोटी विनंती. त्या राउंडबद्दल एखादी गोष्ट सांगता येईल का जिच्यावर मी काम करावं, विश्लेषणाची पद्धत की मांडणी? एक-दोन ओळीही पुरेत, फोन सोयीचा असेल तर तोही चालेल. पॉलिसीमुळे शक्य नसेल तर मी समजू शकते. पुढे योग्य पोस्ट निघाली तर मला नक्की अप्लाय करायला आवडेल."

एवढंच. खाली नाव आणि फोन नंबर. मी मुद्दाम एकच राउंड धरला कारण टेस्ट चांगली गेल्याचं मला माहीत होतं, शंका होती ती केसचीच. सगळ्या राउंडचं विचारलं असतं तर उत्तर आलं असतं की बाकीचे उमेदवार जास्त अनुभवी होते, आणि त्यातून शिकण्यासारखं काहीच नाही. "पद्धत की मांडणी" असे दोन पर्याय दिले तेही त्यासाठीच, की समोरच्याला उत्तर शोधत बसावं लागू नये. आभार मानतानाही नुसतं "संधीबद्दल धन्यवाद" न म्हणता रिपीट ऑर्डरचा उल्लेख केला, कारण तेवढ्यावरून तिला मी कोण ते आठवलं असणार. फेरविचार करा वगैरे काही लिहिलं नाही, रेझ्युमे परत जोडला नाही, मॅनेजरला सीसी केलं नाही. सीसी केलं की रिक्रूटरला वाटतं तिला डावलून वर गेलो, आणि तिथेच संबंध बिघडतो.

दोन दिवसांनी रिक्रूटरचा फोनच आला. ताईने हेही सांगून ठेवलं होतं की बोलायला लोक तयार असतात, लिहून द्यायला नाही, म्हणून मेलमध्ये फोनचा पर्याय ठेवलेला. ती म्हणाली की एसक्यूएल उत्तम होतं, पण केसमध्ये रिपीट ऑर्डर कमी झाल्यात असं म्हटल्यावर मी थेट क्वेरी कशी लिहायची तिथे गेले, कधीपासून कमी झाल्यात, सगळ्या शहरांत की एकाच, रिपीट म्हणजे किती दिवसांत आलेली दुसरी ऑर्डर, हे विचारलं नाही. ज्याची निवड झाली त्याने पहिली काही मिनिटं फक्त प्रश्न विचारले. मला वेळ कमी होता म्हणून मी तसं केलं हे सांगावंसं वाटत होतं, पण तिथे बाजू मांडली की पुढच्या वेळी कोणी फोन करणार नाही, म्हणून फक्त एवढंच विचारलं की असे प्रश्न विचारण्यात किती वेळ घालवलेला चालतो. ती म्हणाली, चार-पाच मिनिटं आरामात, पॅनेल त्याचीच वाट बघत असतं.

फोननंतर त्याच थ्रेडवर दोन ओळींचा आभाराचा मेल केला, पण तिने काय सांगितलं ते त्यात लिहिलं नाही. तिने विश्वासाने तोंडी सांगितलेलं मी लेखी करून टाकलं तर तिची अडचण होऊ शकते. बोलता बोलता तिने हेही सांगितलं की त्यांच्याकडे सहा महिन्यांनी परत अप्लाय करता येतं, तेव्हा पोर्टलवर अर्ज भर आणि शिवाय मलाही कळव.

हे सगळीकडे चालत नाही हेही खरं. नुसता रेझ्युमे बघून नाकारलं असेल तर विचारण्यात अर्थ नाही, तिथे बहुतेक वेळा कोणी शेरा लिहिलेलाच नसतो. आणि बाणेरच्या दुसऱ्या एका कंपनीला मी असाच मेल केला तर काहीच आलं नाही, आठवडाभराने एकदा एका ओळीत आठवण केली, तेव्हा उत्तर आलं की पॉलिसीप्रमाणे फीडबॅक देत नाही. मी लिहिलं, कळवल्याबद्दल आभार, पुढे काही निघालं तर जरूर सांगा, आणि तो विषय सोडला.

खराडीचे सहा महिने ऑक्टोबरमध्ये भरतायत. तोवर दर रविवारी एका मैत्रिणीसोबत केस सोडवतेय, ती केस देते आणि मी आधी प्रश्न विचारल्याशिवाय मला लॅपटॉप उघडू देत नाही.