पहिल्या दिव्यानं करंट खाल्ला: टीचिंग स्टेटमेंट तपासताना

पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी नऊ वर्षं भौतिकशास्त्र शिकवते आहे. गेल्या वर्षी एका खासगी विद्यापीठात अर्ज करताना बायोडेटासोबत दोन पानांचं टीचिंग फिलॉसफी स्टेटमेंट मागितलं होतं. तुम्ही का आणि कसं शिकवता, हे तुमच्या शब्दांत लिहा, एवढीच सूचना होती. मी ते एका रविवारी दुपारी बसून लिहून काढलं. वाक्यं भराभर सुचत गेली, याचं तेव्हा मला बरं वाटलं होतं.

सोमवारी संध्याकाळी ती दोन पानं घेऊन मी सदाशिव पेठेत सरांकडे गेले. सर आमच्याच विभागातून निवृत्त झालेत आणि निवड समित्यांवर त्यांनी बरंच काम केलं आहे. त्यांनी पानं हातात घेतली नाहीत. म्हणाले, "तू वाच. पण मराठीत वाच. शेजारच्या काकूंना सांगतेस तसं."

अर्ज अर्थातच इंग्रजीत होता. मी पहिलं वाक्य मराठीत आणलं: "विद्यार्थीकेंद्रित आणि अनुभवाधारित पद्धतींनी मी विद्यार्थ्यांना सक्षम करते." सरांनी विचारलं, "कशासाठी सक्षम करतेस?" मला उत्तर देता येईना. इंग्रजीत ते वाक्य भरभक्कम वाटत होतं. मराठीत बोलून दाखवल्यावर त्यात काय काय नाही ते ऐकू यायला लागलं. वर्ग कुठला, धडा कुठला, मुलं काय करत होती, यातलं काहीच त्यात नव्हतं.

पुढे आणखी एक गोष्ट लक्षात आली. ते वाक्य माझं नव्हतंच. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या स्वयंमूल्यमापन अहवालात 2.3.1 हा मुद्दा असायचा: अनुभवाधारित शिक्षण, सहभागी शिक्षण, समस्या सोडवणं अशा विद्यार्थीकेंद्रित पद्धती महाविद्यालय वापरतं का. त्या मुद्द्याखालचा मजकूर आमच्या विभागासाठी मीच दोनदा लिहिला होता, आणि तीच शब्दरचना बोटांत बसली होती. पुढच्या परिच्छेदातला 'समग्र आणि बहुविद्याशाखीय' हा भाग 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आला होता. अहवालात हे शब्द लागतात, कारण तिथे ठरलेल्या रकान्यात माहिती भरायची असते. स्टेटमेंट मात्र एका माणसाचं असतं. सर म्हणाले, समितीसमोर चाळीस अर्ज असले तर पस्तिसांत हेच वाक्य असतं.

मग आम्ही लाल पेन घेऊन ओळीओळीनं बसलो. सरांची परीक्षा साधी होती. वाक्यात 'भौतिकशास्त्र'च्या जागी 'अर्थशास्त्र' घालायचं. वाक्य तसंच्या तसं उभं राहिलं तर खाली रेघ मारायची. दोन पानांत अठ्ठावीस वाक्यं होती, त्यातल्या तेवीस वाक्यांखाली रेघ आली. त्यानंतर रेघ मारलेल्या प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न: हे करताना तुला कुणी बघितलं असतं तर त्याला काय दिसलं असतं? ज्यांना उत्तर होतं ती वाक्यं ठेवायची आणि ते उत्तर तिथे लिहायचं, बाकीची काढून टाकायची.

एक वाक्य सरांनी प्रश्न न विचारताच खोडलं. मी लिहिलं होतं की काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही हातानं करून, आणि मी प्रत्येकाच्या शैलीप्रमाणे शिकवते. ऐकायला हे पटतं, प्रशिक्षण वर्गांतही सांगतात. पण शैलीनुसार शिकवल्यानं शिकणं सुधारतं का, याचा आढावा मानसशास्त्रज्ञ पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये घेतला होता आणि तसं म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. आकृती सगळ्यांनाच दाखवावी, प्रयोग सगळ्यांनाच करू द्यावा, हे वेगळं. माझ्या वाक्यातला दावा तो नव्हता. समितीत शिक्षणशास्त्राचा एखादा जाणकार असता तर तो तिथेच थांबला असता.

शेवटी एका वाक्यापाशी आम्ही तासभर अडकलो: "मी पीअर इन्स्ट्रक्शन आणि सक्रिय अध्ययनातून विद्यार्थ्यांच्या चुकीच्या संकल्पना दूर करते." सरांनी विचारलं, "कुठली चुकीची संकल्पना? एक सांग." मी म्हटलं, दिव्यांची. आणि मग मी बोलत सुटले.

प्रथम वर्षाला मी दरवर्षी दोन सारखे छोटे दिवे एका रांगेत, म्हणजे सिरीजमध्ये, दोन सेलला जोडते. बटण दाबायच्या आधी विचारते की जास्त उजळ कुठला लागेल. बारावी उत्तम गुणांनी पास झालेली मुलंही म्हणतात, धन टोकाजवळचा. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "पहिल्या दिव्यानं करंट खाल्ला, उरलेला दुसऱ्याला गेला." मला ते उत्तर मोलाचं वाटतं, कारण चूक कुठून येते ते त्यात दिसतं. घरी आपण म्हणतो वीज जळते, वीज वापरली, बिल आलं. बिल ऊर्जेचं असतं, युनिटचं. ऊर्जा दिव्यात खरोखर खर्च होते, प्रकाश आणि उष्णता होऊन निघून जाते. करंट मात्र जेवढा आत गेला तेवढाच बाहेर येतो. मुलांनी ऊर्जेबद्दलचं खरं ज्ञान करंटवर चिकटवलेलं असतं. त्यामुळे "करंट संपत नाही" असं फळ्यावर लिहून काही होत नाही.

सर म्हणाले, "उत्तरं हात वर करून घेतेस?" पूर्वी घ्यायचे. हात वर करायला सांगितलं की मुलं पुढच्या बाकाकडे बघून हात वर करतात, म्हणून आता चिठ्ठ्या घेते. आधी प्रत्येकानं गप्प बसून चिठ्ठीवर उत्तर आणि एका ओळीत कारण लिहायचं, मग शेजाऱ्याशी तीन मिनिटं वाद, मग दुसरी चिठ्ठी; पीअर इन्स्ट्रक्शन म्हणतात ते हेच. त्या वर्षी पहिल्या फेरीत 52 पैकी 34 जणांनी धन टोकाजवळचा दिवा लिहिला होता. चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या होत्या म्हणून आकडा हाताशी होता.

"आणि बटण दाबल्यावर?" मी जरा अडखळले, कारण त्या दिवशी प्रयोग फसला होता. दिवे मी तपकीर गल्लीतून आणले होते, दोन्हींवर एकच छाप होता, 2.5 V आणि 0.3 A. तरी धन टोकाजवळचा दिवा स्पष्टपणे जास्त उजळ लागला. चौतीस मुलांचं चुकीचं उत्तर डोळ्यांसमोर खरं ठरलं. स्वस्त दिव्यांच्या तारेत थोडा फरक असतोच. सिरीजमध्ये करंट दोघांतून एकच जातो, म्हणून ज्याचा रोध किंचित जास्त तो जास्त तापतो. टंगस्टन तापलं की त्याचा रोध आणखी वाढतो, आणि लहानसा फरक डोळ्याला मोठा दिसतो. मला कारण माहीत होतं, पण सांगून टाकलं असतं तर मुलांना ती पळवाट वाटली असती. मी विचारलं, फरक जागेमुळे आहे की दिव्यामुळे, हे ठरवायला काय करावं लागेल? अर्ध्या मिनिटानं एक मुलगी म्हणाली, "मॅडम, दिव्यांची अदलाबदल करा." केली. उजळ दिवा आता ऋण टोकाजवळ होता आणि तरीही तोच उजळ होता. मग अमीटर आधी पहिल्या दिव्याच्या अलीकडे, नंतर दोन दिव्यांच्या मध्ये, नंतर पलीकडे लावला. तिन्ही ठिकाणी आकडा एकच आला.

सरांनी पेन खाली ठेवलं. "हे स्टेटमेंटमध्ये का नाही?"

मला वाटत होतं की फसलेला प्रयोग अर्जात लिहायचा नसतो. ते म्हणाले, शिक्षकानं त्या क्षणी काय ठरवलं आणि काय करायचं टाळलं, तेच समितीला बघायचं असतं. सगळं सुरळीत झालेल्या तासातून ते दिसत नाही.

दुसरा मसुदा मी उत्साहात लिहिला आणि तोही बिघडला. आता त्यात सात किस्से होते. दिवे, लंबक, सहलीत दाखवलेलं इंद्रधनुष्य, तासानंतर टाळ्या वाजवणारी मुलं. सर म्हणाले, ही रोजनिशी झाली. टाळ्यांवरून मुलं खूश होती एवढंच कळतं, त्यांना काय आलं ते कळत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या अध्यापन केंद्रानं अशा स्टेटमेंटसाठी केलेली एक रुब्रिक, म्हणजे निकषांचा तक्ता, त्यांच्याकडे होती. त्यात मुलांनी काय शिकावं ही उद्दिष्टं, ती वर्गात आणायच्या पद्धती आणि ती साधली का याचं मूल्यमापन असे वेगवेगळे निकष आहेत. माझे किस्से सगळे मधल्या निकषात दाटले होते. पहिल्यात थोडं होतं, तिसऱ्यात काहीच नव्हतं.

म्हणून सातातला दिव्यांचा किस्सा पूर्ण ठेवला आणि आणखी दोन किस्से दोन-दोन ओळींत आणले. दिव्यांच्या आधी एक वाक्य आलं: माझ्या विद्यार्थ्याला निरीक्षण आणि अपेक्षा जुळत नसतील तेव्हा पुढची चाचणी स्वतः सुचवता यावी. हे वाक्य अर्थशास्त्रातही चाललं असतं, पण लगेच खाली अदलाबदल सुचवणारी मुलगी होती, म्हणून सरांनी ते राहू दिलं. शेवटी पुरावा घातला. तीन आठवड्यांनी अंतर्गत परीक्षेत दिव्यांऐवजी तीन रोध देऊन, अमीटर तीन जागी लावला तर आकडे कसे येतील, असं विचारलं होतं. 52 पैकी 41 जणांनी समान म्हटलं, 11 जणांनी कमी कमी होत जाईल असं लिहिलं. अकराचा आकडा गाळावा असं मला वाटत होतं. सर म्हणाले, "तो गाळलास तर एक्केचाळीसवर कोण विश्वास ठेवेल?" माझ्या पद्धतीमुळेच एक्केचाळीस झाले असंही लिहायचं नाही, कारण तुलनेला दुसरा वर्ग नव्हता. तेवढी मर्यादा मी एका ओळीत नोंदवली.

अंतिम मसुद्यात 'पीअर इन्स्ट्रक्शन' हा शब्द एकदाच राहिला, तोही चिठ्ठ्यांच्या वर्णनानंतर. 'सक्षम', 'समग्र', 'आजीवन शिकणारा' हे सगळे गेले. दोन पानांची दीड पानं झाली.

मुलाखतीत समितीतल्या एका बाईंनी ते दीड पान समोर ठेवलं होतं आणि अकराच्या आकड्याभोवती पेन्सिलीनं गोल केला होता. त्यांनी विचारलं, या अकरा जणांचं पुढे काय केलंत? मी खरं ते सांगितलं. त्यातल्या आठ जणांशी बोलले तेव्हा कळलं की दिव्यांच्या बाबतीत त्यांना पटलं होतं, पण रोध म्हणजे करंट अडवणारा, मग त्याच्या पुढे करंट कमी असणारच, असं त्यांनी धरलं होतं. 'रोध' या शब्दानंच त्यांना तिकडे नेलं होतं. पुढच्या वर्षीपासून मी दिव्यांच्या पाठोपाठ त्याच तासाला दिवा काढून तिथे रोध लावते आणि चिठ्ठ्यांची तिसरी फेरी घेते. बाईंनी ते कागदावर टिपून घेतलं आणि विचारलं, "रोध किती ओहमचा लावता?"