‘मानस’ सापडेना

फोंड्यात मी पुस्तकांची पानं लावते. गेल्या पावसाळ्यात निवृत्त शिक्षक असलेले एक सर गोव्यातल्या शेतीच्या शब्दांचा कोश घेऊन आले. पहिलं प्रूफ हातात पडताच ते म्हणाले, “बाय, आधी मी ‘मानस’ शोधून बघतो.” मानस म्हणजे खाडीकाठच्या खाजन शेतीच्या बांधाला बसवलेलं, भरती-ओहोटीबरोबर मिटणारं-उघडणारं दार.

सरांनी ‘म’चं बरोबर पान उघडलं, दुसऱ्या स्तंभाच्या माथ्याकडे नजर टाकली आणि भराभर पुढची पानं उलटली. शब्द मागेच राहिला. नोंद पहिल्या स्तंभाच्या तळाशी सुरू होऊन दुसऱ्यात गेली होती आणि तिथली पहिलीच ओळ ‘खाजन पाहा’ अशी होती, ‘खाजन’ ठळक अक्षरात. अजून ‘ख’च चाललाय असं त्यांना वाटलं.

चूक माझी होती. इंग्रजी कोशात जे तिरक्या अक्षरात जाऊ शकतं, ते मी सगळं ठळक केलं होतं: लिंग, पोटशब्द, ‘पाहा’चे शब्द. देवनागरीत तिरका ठसा परका वाटतो, म्हणून हा सोपा मार्ग. पण ठळकपणा म्हणजे ‘इथे नोंद सुरू होते’ ही एकच खूण. ती दोन कामांना वापरली की नजर फसते.

त्याच दुपारी सगळं उलगडलं. ठळक फक्त नोंदशब्द. ‘पाहा’चा शब्द साधा, आधी बाण. नोंदशब्द स्तंभाच्या कडेला ठेवून बाकीच्या ओळी 3 मिलिमीटर आत घेतल्या, त्यामुळे डावी कड म्हणजे नुसत्या शब्दांची शिडी झाली. अक्षरांचं वजनही उतरवलं. साडेआठ पॉइंटात अतिठळक अक्षरांच्या शिरोरेघा जुळून काळी पट्टी होते, पोटं बुजतात, ‘घ’ आणि ‘ध’ सारखे दिसू लागतात. पडद्यावर मोठं करून पाहिलं की हे कळत नाही. खऱ्या मापाचा कागद काढावा लागतो, तोही छपाईच्याच कागदावर, कारण शाई पसरते. अर्धठळक पुरलं.

मग ओळींतलं अंतर. 10 पॉइंटांत वरच्या ओळीचा उकार खालच्या रफाराला भिडत होता. साडेअकरा केले तर पानं वाढतील, अशी सरांना भीती. स्तंभ 180 मिलिमीटर, म्हणजे सुमारे 510 पॉइंट. आधी एका स्तंभातल्या चौदा नोंदींमध्ये 4-4 पॉइंटांच्या तेरा फटी होत्या. त्या वजा जाता 45 ओळी बसत. आता शब्दच कडेला बाहेर असल्यामुळे फटी नकोत, आणि साडेअकरात 44 ओळी बसतात. एका ओळीचाच तोटा!

शब्दांमध्ये भगदाडं पडू नयेत म्हणून उजवी कड मोकळी सोडली.

संध्याकाळी नवं प्रूफ काढलं. सरांनी बोट कडेवरून खाली नेलं आणि ‘मानस’वर थांबवलं. मग चष्मा नीट करत म्हणाले, “आता दुसरा ‘मानस’ही घाल. मन या अर्थाचा. वर बारीक 1 आणि 2 देशील ना?”