गुलालावरची पांढरी अक्षरं

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर जो गुलाल उधळला जातो, तो कॅमेऱ्याला फार आवडतो आणि सबटायटलला मुळीच नाही. फोटोत हवा गुलाबी, माणसं गुलाबी, मंदिराच्या दगडी पायऱ्यासुद्धा गुलाबी. त्या गुलाबीतून मधूनच पांढरा फेटा जातो, सासनकाठीची रंगीत कापडं फडफडतात, खोबऱ्याचे तुकडे उडतात. आणि या सगळ्यावर आपण लिहायचं, की खाली कोण काय बोलतंय.

लिहावं लागतंच. हलगी आणि पिपाणीच्या आवाजात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, आणि निम्मे लोक मोबाईलचा आवाज बंद ठेवूनच व्हिडिओ बघतात. माझ्या मित्राच्या व्हिडिओत त्याचे चुलते सांगतात, ‘औंदा पोरानं पहिल्यांदा सासनकाठी खांद्यावर घेतली.’ हे एवढंच वाक्य. पण त्यातला ‘खांद्यावर’वरचा अनुस्वार गुलालाच्या एखाद्या ढगात विरघळला, की पोरानं काठी खाद्यावर घेतली असं वाचायला मिळतं. देवनागरीत अर्थ असा टिंबावर टांगलेला असतो, आणि गर्दीच्या चित्रात पहिला बळी टिंबाचाच जातो.

पहिला विचार सगळे रंगाचाच करतात. गुलाबीवर काय उठून दिसेल? पांढरं की पिवळं? मी व्हिडिओतल्या गुलालाचा एक ठिपका उचलून बघितला: लाल २३०, हिरवा ४०, निळा १३०. पांढऱ्या अक्षराशी त्याचा उजेडाचा फरक साधारण ४.२ पट भरतो. वेबच्या नियमात मोठ्या अक्षरांना ३ पट आणि साध्या अक्षरांना ४.५ पट फरक मागतात, म्हणजे सबटायटलच्या मोठ्या अक्षरांचं काम भागतं. पण तेच अक्षर पांढऱ्या फेट्यावर आलं की फरक जेमतेम १.१ उरतो, म्हणजे अक्षर गेलंच. गंमत म्हणजे काळी अक्षरं दोन्हीकडे सरस ठरतात, गुलालावर ५ पट आणि फेट्यावर १८. पण पुढच्याच सेकंदाला काळ्याभोर केसांची गर्दी येते आणि काळ्याचंही काही खरं राहत नाही. मागचं चित्र एका रंगाचं नसतंच. ‘पोरानं’मधला पो गुलालावर असतो आणि नं फेट्यावर.

म्हणून रंग निवडत बसण्यात अर्थ नाही. अक्षरानं स्वतःची पार्श्वभूमी स्वतःबरोबर घेऊन फिरायचं, डोळ्याला काजळ असतं तशी. पांढरं अक्षर आणि भोवती काळी कड. गुलाल आला तर पांढरं दिसतं, फेटा आला तर काळी कड दिसते. रंगीत कड मात्र नको. बहुतेक व्हिडिओत रंगाची माहिती उजेडाच्या निम्म्याच बारकाईनं साठवलेली असते, आडवीही आणि उभीही. त्यामुळे गुलालावर लाल किंवा जांभळी कड फिसकटते, पण काळ्या-पांढऱ्याची धार टिकते. शंका असेल तर चित्र कृष्णधवल करून बघावं. तिथं वाचता आलं तर सगळीकडे वाचता येतं.

कड किती जाड? हा प्रश्न संगणकासमोर बसून सुटत नाही. १०८० च्या व्हिडिओवर २ पिक्सेलची कड छान नाजूक दिसते. पण डोंगरावर रेंज गेली आणि मोबाईलनं ३६० वर उतरवलं, की त्या कडेचा एक अख्खा पिक्सेलही उरत नाही, आणि ती काळी न राहता मळकट करडी होते. मी ५४ पिक्सेलच्या अक्षराला ४ ची कड देतो, म्हणजे ३६० वरही एकाहून थोडी जास्त शिल्लक राहते.

इथंच एक खोच आहे. काही एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कड अक्षराच्या रेषेवर मधोमध बसते, निम्मी बाहेर आणि निम्मी आत. अनुस्वाराचं टिंब असतं आठेक पिक्सेलचं. चारची कड दोन्ही बाजूंनी दोन-दोन आत शिरली, तर पांढरं टिंब चारच पिक्सेल उरतं. तेच ३६० वर गेलं, की टिंबाच्या जागी काळा डाग. म्हणजे ज्याला वाचवायला कड घातली, त्यालाच कडेनं खाल्लं. ‘बाहेरून’ असा पर्याय असेल तर तो निवडायचा.

दुसरी पंचाईत शिरोरेघेची. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, त्यांना कड घातली की झालं. आपली अक्षरं एका रेघेला लोंबकळतात. सॉफ्टवेअरनं प्रत्येक अक्षराला वेगळी कड काढली, तर पुढच्या अक्षराची काळी कड मागच्याच्या शिरोरेघेवर चढते आणि रेघेत बारीक उभ्या काळ्या फटी पडतात. पूर्ण पडद्यावर नजरेत येत नाहीत, पण वाचताना शब्द ठेचकाळतो. चारपट मोठं करून दोन अक्षरांच्या सांध्यावर बघितलं की लगेच सापडतात. उपाय गावठी आहे पण पक्का: त्याच ओळीच्या दोन प्रती एकावर एक ठेवायच्या, खालच्या प्रतीला कड, वरच्या प्रतीला काहीच नाही. वरच्या अखंड पांढऱ्या रेघेखाली सगळ्या फटी गाडल्या जातात. आणि दोन अक्षरांतलं अंतर शून्यच ठेवायचं. इंग्रजीच्या सवयीनं ते वाढवलं की शिरोरेघ तुटलीच म्हणून समजा.

फॉन्ट म्हणाल तर मी ‘मुक्ता’वर येऊन थांबलोय. फुकट आहे, सात जाड्यांत मिळतो आणि अक्षरांची पोटं मोकळी आहेत. त्यातली सेमीबोल्ड जाडी घेतो. त्याहून जाड घेतलं तर ‘क्ष’ आणि ‘द्ध’ची पोटं बुजतात, बारीक घेतलं तर कडच अक्षरापेक्षा जाड दिसते. लग्नपत्रिकेतली वळणदार अक्षरं मागणारे लोक भेटतात. त्यांना व्हिडिओच्या नावाला ती देतो, संवादाला नाही.

मी ओळी ASS या सबटायटलच्या फाईलमध्ये लिहितो. त्यातली शैलीची ओळ अशी:

```
Style: Default,Mukta SemiBold,90,&H00F2F2F2,&H000000FF,&H00101010,&H80000000,0,0,0,0,100,100,0,0,1,4,1,2,90,90,70,1
```

नव्वद हा आकडा बघून दचकायचं कारण नाही. इथं आकडा अक्षराचा नसून फॉन्टनं वर-खाली राखलेल्या सगळ्या उंचीचा असतो, आणि देवनागरी फॉन्ट रफार-उकारांसाठी भरपूर उंची राखतात. त्यामुळे नव्वद लिहावं तेव्हा कुठं अक्षर चोपन्नच्या आसपास उतरतं. शेवटाकडचे ‘1,4,1’ म्हणजे कडेचा प्रकार, जाडी आणि सावली. फाईलच्या वरच्या भागात ScaledBorderAndShadow: yes आणि PlayResY: 1080 असलं पाहिजे, नाहीतर ही चारची कड कशाच्या हिशेबानं चार, हे प्लेअर आपल्या मनानं ठरवतो.

त्यातल्या पहिल्या ‘1’च्या जागी ‘3’ लिहिलं की कड जाऊन ओळीमागे भरीव पट्टी येते. वाचायला याहून खात्रीचं काही नाही. मी मित्राला तसं करून दाखवलं. तो बघतच राहिला आणि म्हणाला, “लेका, पाय झाकलंस की त्याचं! काठी नाचवताना पायच बघायचं असत्यात.” तेव्हापासून पट्टी फक्त चुलते घरी सोप्यात बसून बोलतात तिथं आहे. डोंगरावर कडच.