साडेबाराची गोळी मोडण्याआधी

"डॉक्टरांनी झोपेची साडेबाराची गोळी दिलीय, पण सकाळी डोकं जड राहतं. अर्धी करून घेतली तर चालेल ना? आधीची दहाची गोळी मी अर्धी करूनच घ्यायचे."

नाही, ही मोडू नका. दहाच्या गोळीला जे चाललं ते हिला चालत नाही, आणि फरक त्या आकड्यातच आहे. झोल्पिडेमची साधी गोळी 5 आणि 10 मिलिग्रॅमची असते. 6.25 आणि 12.5 हे आकडे औषध सावकाश सोडणाऱ्या गोळीचे.

झोल्पिडेम शरीरातून लवकर उतरतं. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण अडीच तासांत निम्म्यावर येतं. म्हणून साधी गोळी झोप लागायला चांगली, पण ज्यांना मध्यरात्रीनंतर जाग येते त्यांना ती पुरत नाही. त्यांच्यासाठी दोन थरांची गोळी निघाली. पहिला थर पोटात गेल्याबरोबर विरघळतो आणि झोप लावतो. दुसऱ्या थरातलं औषध हळूहळू सुटत राहतं आणि पुढचे काही तास झोप टिकवतं.

खडीसाखरेचा खडा तोंडात बराच वेळ राहतो. तोच कुटून टाकला तर क्षणात विरघळतो. साखर तेवढीच असते, वेळ मात्र बदलते. गोळीच्या दुसऱ्या थराचं असंच आहे. त्याचा सावकाशपणा त्या थराच्या अखंड बांधणीत आहे. तुकडा केला की आतली बाजू उघडी पडते आणि औषध लवकर सुटू लागतं. किती लवकर, हे तुकडा कसा पडला त्यावर ठरतं, त्यामुळे आजची रात्र आणि उद्याची रात्र सारखी जात नाही. पूड केली तर दुसरा थर उरतच नाही. साडेबाराची पूड म्हणजे सगळं औषध एकदम, आणि साध्या गोळीची तर एका रात्रीची कमाल मात्राच 10 आहे.

हे मला एका मुलीने फार नीट दाखवून दिलं. तिच्या सत्तरीच्या आईला 6.25 ची गोळी होती. आईला गिळायला त्रास व्हायचा, म्हणून मुलगी दोन चमच्यांमध्ये गोळी चिरडून पाण्यातून द्यायची. माझ्याकडे येऊन म्हणाली, "औषध लागू पडत नाही. अडीच-तीनला आई टक्क जागी होते. दुसरी गोळी देऊ का?" मी विचारलं, सुरुवातीची झोप कशी असते? "ती फारच गाढ. बाराला बाथरूमला उठली तर भिंत धरूनसुद्धा तोल जातो." एकाच गोळीच्या या दोन तक्रारी ऐकल्यावर मी आधी विचारलं की गोळी देता कशी. रात्रभर पुरवायचं औषध पहिल्या तासा-दोन तासांतच अंगावर येत होतं, म्हणून बाराला तोल जायचा. मागे काही उरत नव्हतं, म्हणून तीनला जाग. त्यावर दुसरी गोळी दिली असती तर आई पडलीच असती. डॉक्टरांनी तिला साधी 5 ची गोळी दिली. ज्येष्ठांसाठी तेवढीच मात्रा सुचवली जाते, आणि ती छोटी असल्याने आईला गिळता आली. पहाटेची जाग थोडी राहिली, पण तोल जाणं थांबलं.

आता तुमचं जड डोकं. ही तक्रार खरी आहे, ती मनातच ठेवू नका. स्त्रियांच्या शरीरातून हे औषध पुरुषांपेक्षा सावकाश बाहेर पडतं. म्हणूनच अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2013 साली स्त्रियांसाठीची मात्रा निम्मी करायला सांगितली: साधी दहावरून पाचवर, आणि सावकाश सोडणारी साडेबारावरून सव्वासहावर. म्हणजे तुम्हाला हवी असलेली अर्धी मात्रा अखंड गोळीत मिळते. डॉक्टरांना सरळ विचारा, "मला 6.25 ची देता येईल का?" सावकाश सोडणारी गोळी घेतल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी चालवू नये असंही त्या नियंत्रकांनी त्याच वर्षी सांगितलं, तेही पाळा.

चुकून चावली गेलीच, तर त्या रात्री दुसरी गोळी नको, मद्य तर मुळीच नको. लगेच अंथरुणावर जा आणि घरातल्या कुणाला तरी सांगून ठेवा. हाका मारून, हलवूनही माणूस उठत नसेल किंवा श्वास मंदावला असेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात न्यावं.

ओळखायचं कसं, तर पाकिटावर नावापुढे सीआर, ईआर, एसआर किंवा पीआर अशी अक्षरं असतात. गुळगुळीत आवरणावर विसंबू नका, ते साध्या गोळीवरही असतं. पट्टी कापून ठेवत असाल तर नावाचा तुकडा शेवटपर्यंत राहील अशी कापा.