कीपिंग शिकताना: स्टंप्सला चिकटून की मागे?

आमच्या क्लबचा कीपर नोकरीसाठी बंगलोरला गेला आणि कांगा लीग तोंडावर, त्यामुळे स्लिपमध्ये हात बरे आहेत एवढ्या भांडवलावर ग्लोव्हज माझ्याकडे आले. स्लिपला तासभर बॉल आला नाही तरी चालतं. कीपरला मात्र प्रत्येक बॉल आपल्याकडेच येणार असं धरून बसावं लागतं, आणि ह्यातलं "बसणं"च सरांनी सगळ्यात आधी शिकवलं.

आपल्याला टाचा टेकवून उकिडवं बसायची सवय, आणि तसं बसलं की आरामही वाटतो, पण कीपिंगला ते बसणं उपयोगाचं नाही कारण वजन मागे जातं आणि बाजूला सरकायचं म्हटलं की आधी पुढे यावं लागतं, तेवढ्यात बॉल निघून जातो. वजन चवड्यांवर हवं, त्यातही आतल्या बाजूला, टाचा जेमतेम उचललेल्या, पाय साधारण खांद्याइतके फाकलेले. सर मी बसलो की बोटाने छातीला ढकलायचे, मागे पडलो की "टाचेवर आहेस" एवढंच म्हणायचे. कोपरं गुडघ्यांवर टेकवायची नाहीत (दमलं की आपोआप टेकतात!), हात शरीराच्या पुढे मोकळे. डोकं स्थिर आणि दोन्ही डोळे एका पातळीत, मान वाकडी झाली की बॉलची लाइनही वाकडीच दिसते.

ग्लोव्हजचं म्हणाल तर बोटं जमिनीकडे, दोन्ही करंगळ्या एकमेकींना लागलेल्या, तळवे बॉलरला दिसतील असे उघडे. बोटं बॉलकडे रोखलेली नकोत, एकदा का टोकावर बसला की सांधा सुजतो. छातीच्या उंचीचा बॉल सगळ्यात अवघड, बोटं खाली ठेवावीत की वर तेच कळत नाही, तेव्हा शरीर थोडं बाजूला घेऊन बोटं आडवी करायची. बॉल हातात आला की हात किंचित मागे, कमरेच्या बाजूला घ्यायचे. नीट घेतला तर 'थप' असा दबका आवाज येतो, हात ताठ ठेवून पकडला तर 'चट्ट' वाजतं आणि तळवा झणझणतो. सर पाठमोरे असले तरी आवाजावरून सांगायचे! आत शॅमॉयचे इनर घालतो, जरासे ओले केले की हातावर नीट बसतात.

आता मागे उभं राहणं. किती मागे ह्याचं पावलांचं माप नाही, ते त्या दिवशीची विकेट सांगते. टप्पा पडून वर आलेला बॉल खाली यायला लागला की कमरेच्या आसपास हातात यावा, एवढं अंतर धरायचं. चढता बॉल छातीवर येत असेल तर आपण फार जवळ आहोत, नडगीवर येत असेल तर फार मागे, आणि मग कड लागलेला बॉल पोचायच्या आधीच जमिनीला लागणार. मी पहिल्या ओव्हरला सुटलेले बॉल बघून जागा पक्की करतो, स्लिपवाले माझ्याकडे बघून उभे राहतात. कांगाला भर पावसाळ्यात विकेट ओली असते, एक बॉल टप्पा पडून थांबतो आणि पुढचा उसळतो, त्यामुळे जागा मधेच बदलावी लागते. ऑफ स्टंपच्या जरा बाहेर उभं राहायचं म्हणजे बॉल बॅट्समनच्या आड जात नाही. बॉल सुटायच्या वेळी पूर्ण बसलेलं नसायचं, अर्धं उठलेलं असायचं.

स्टंप्सला लागून उभं राहिलं की सगळं उलटं. इथे उठायची घाई केली की संपलं, कारण उठलेल्याला खाली जाणं जड जातं आणि खाली राहिलेला बॉलबरोबर वर येऊ शकतो. बॉल टप्पा पडेपर्यंत बसूनच राहायचं आणि बाउन्सबरोबर उठायचं. सर ओरडायचे, "अरे उठू नको रे, बॉल पडू दे की!" डावा पाय ऑफ स्टंपच्या मागे, आणि पाय न हलवता हात बेल्सपर्यंत पोचतील एवढं जवळ. बॉल बॅटला किंवा बॅट्समनला लागेपर्यंत किंवा स्टंप्स ओलांडेपर्यंत आपण ग्लोव्हजसकट पूर्ण मागे असायला हवं, नाहीतर नो बॉल, आणि अशी स्टंपिंग गेली तर बॉलर विसरत नाही.

लेग साइडचा बॉल हे ह्यातलं खरं दुखणं. उजव्या हाताच्या बॅट्समनच्या अंगाआड बॉल क्षणभर दिसतच नाही. तेव्हा डावा पाय सरळ बाजूला टाकायचा, मागे नाही, मागे गेलं की हात स्टंप्सपासून लांब जातात. सरांनी ह्यासाठी एकाला बॅट घेऊन मुद्दाम बॉल सोडायला लावलं आणि ते स्वतः पायांच्या बाजूला बॉल फेकत राहिले. बॅट फिरली की डोळे मिटायची सवय मोडायला हाच उपाय.

नरेन ताम्हाण्यांचा आकडा बघा, 21 टेस्टमध्ये 35 कॅच आणि 16 स्टंपिंग, म्हणजे जवळजवळ तिसरी विकेट स्टंपिंगची! समोर सुभाष गुप्तेंसारखा लेगस्पिनर असायचा हे खरं, पण गुगली कीपरलाही ओळखावीच लागते.

स्पिनरला चिकटून उभं राहणं ठरलेलंच. प्रश्न पडतो तो मध्यम गतीच्या बॉलरला. एका मॅचला आमचा मिडियम पेसर छान स्विंग करत होता आणि बॅट्समन क्रीजच्या बाहेर फूटभर पुढे येऊन उभा, म्हणजे स्विंग व्हायच्या आधीच बॉल गाठायचा आणि पॅडला लागला तरी अंपायर एलबी देताना विचार करणार. मी मागे होतो तोवर त्याला भीती नव्हती. कॅप्टनला सांगून हेल्मेट मागवलं आणि पुढे आलो. पुढच्याच बॉलला तो क्रीजमध्ये परतला, आता पाय आत ठेवून खेळायचं म्हटल्यावर बॉलला वळायला जागा मिळाली, आणि त्याच ओव्हरला आत आलेल्या बॉलवर एलबी. स्कोअरबुकात माझं नाव नाही, पण ती विकेट निम्मी माझी असं मी अजून म्हणतो :)

ह्यात तोटाही आहे. पुढे असताना कड लागली तर हाताला वेळच मिळत नाही, ते कॅच सुटतात. आणि भीतीपोटी मधेच, म्हणजे स्टंप्सपासून दोनतीन पावलं मागे उभं राहणं तर सगळ्यात वाईट, स्टंपिंग मिळत नाही आणि कॅचलाही वेळ नाही. हेल्मेटवर मात्र वाद नको. सबा करीमच्या डोळ्याला 2000 साली ढाक्याला कुंबळेच्या बॉलिंगवर लागलं, मार्क बाउचरच्या डोळ्यात 2012 मध्ये इम्रान ताहीरच्या बॉलवर उडालेली बेल गेली आणि त्याचं करिअरच थांबलं. दोघेही स्पिनरलाच उभे होते.

नवा बॉल असला किंवा विकेटवर बाउन्स वरखाली असला तर मी अजूनही मिडियम पेसरला मागेच राहतो, कॅप्टन कितीही खुणावत असला तरी.