बाण पुसले, पण उत्तर कागदावरच राहिलं

उन्हाळी परीक्षेला तीन आठवडे उरले होते. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी धरमपेठेतल्या आमच्या क्लासमध्ये ऑरगॅनिकची वही घेऊन आली. "सर, वाचते तेव्हा सगळं समजते. पण पेपरात बाण कुठून काढू तेच समजून नाही राहिलं." वही नीटनेटकी होती. अल्डॉलचं पान उघडलं: इथॅनाल, सौम्य NaOH, खाली पायऱ्या. याच पानातून सरावाची शीट करायची ठरली, म्हणजे मेकॅनिझम तिच्याच अक्षरात राहील आणि फक्त वक्र बाण रिकामे असतील.

सोपा मार्ग घेतला. पानाची झेरॉक्स काढली, बाणांवर व्हाइटनर फिरवला, वाळल्यावर त्याची पुन्हा झेरॉक्स. तिने पाच मिनिटांत सगळे बाण भरले आणि एकूण एक वहीशी जुळला. इतकं सुरळीत झालेलं पाहून मला शंका आली, म्हणून कोऱ्या कागदावर इथॅनालऐवजी प्रोपॅनाल, CH₃CH₂CHO, घ्यायला सांगितलं. तिने शेवटच्या CH₃ मधला हायड्रोजन काढला, तोच कार्बन दुसऱ्या रेणूच्या कार्बोनिलवर नेला आणि उत्तर लिहिलं ४-हायड्रॉक्सीहेक्सॅनाल. खरं उत्पादन ३-हायड्रॉक्सी-२-मिथिलपेंटॅनाल. तिच्या साखळीतले सहाही कार्बन एका रांगेत होते. अल्डॉलच्या उत्तरात असं दिसलं की मुलाने अल्फा कार्बन ओळखलाच नाही, 'CH₃ चा हायड्रोजन जातो' एवढंच पाठ केलंय, हे समजून घ्यावं. इथॅनालमध्ये अल्फा कार्बन म्हणजेच CH₃, त्यामुळे तिथे हे पाठांतर उघडं पडत नाही.

मग वहीशी जुळलेली ती शीट पुन्हा पाहिली. पुसलेला बाण जिथे बंधाची रेघ ओलांडत होता, तिथे व्हाइटनरने बंधही तुटला होता. C–H आणि C=O च्या रेघांमधल्या त्या फटी म्हणजे बाणांच्या जागाच. शिवाय मूळ वहीत CH₃ चे तीन हायड्रोजन सुटे दाखवलेच नव्हते. एक 'H' वेगळा काढून बाकी 'CH₂' लिहिलं होतं. ज्याला एकट्याला बाहेर काढलंय तोच जाणार, हे न शिकलेल्यालाही कळेल. लोन पेअरही फक्त हायड्रॉक्साइडवर होत्या, कार्बोनिलच्या ऑक्सिजनवर नव्हत्या. आणि प्रत्येक पायरीखाली पुढची रचना तयारच असल्यामुळे ती बाण विचाराने नाही, खालची रचना पाहून उलटे लावत होती.

म्हणून दुसरी शीट उलट्या क्रमाने केली. आधी बाणांसकट पूर्ण उत्तरपत्रिका, मग त्यातून रिकामी शीट. ChemSketch मध्ये रचना Structure मोडमध्ये आणि वक्र बाण Draw मोडमध्ये काढले, तर बाण वेगळी वस्तू राहतात. निवडून डिलीट केले तरी बंधाला धक्का लागत नाही. उत्तरपत्रिका आधी वेगळ्या नावाने जतन करायची, नाहीतर घाईत तीच फाइल रिकामी होते. ए-फोर आडवा ठेवला आणि दोन रेणूंमध्ये चारेक सेंटिमीटर अंतर सोडलं, कारण दाटीत काढलेला बाण बंधावर टेकलाय की अणूवर, हे तपासणाऱ्यालाही सांगता येत नाही. पहिल्या ओळीत इथॅनालचे चारही हायड्रोजन दाखवले, तीन अल्फाचे आणि एक अल्डिहाइडचा. सगळ्या ऑक्सिजनवर सगळ्या लोन पेअर.

उत्तरपत्रिका करतानाच वहीतल्या दोन चुका सापडल्या. पहिली नेहमीची: बाण हायड्रोजनपासून निघून हायड्रॉक्साइडकडे जात होता. बाण इलेक्ट्रॉनची जोडी कुठून कुठे जाते ते दाखवतो, अणू कुठे जातो ते नाही. शेपूट लोन पेअरवर किंवा बंधावरच हवी. दुसरी जास्त वाईट होती. शेवटी पाणी निघताना तिने OH वर प्रोटॉन बसवून OH₂⁺ केला होता. हे आम्लातल्या अल्डॉलमधून आलेलं. NaOH च्या द्रावणात असा आयन टिकत नाही, त्याचा प्रोटॉन हायड्रॉक्साइड लगेच काढून घेईल. आम्लारीत आधी पुन्हा एनोलेट होतो आणि तो OH⁻ ला बाहेर ढकलतो. दुसऱ्या शीटसाठीही मी पहिल्यासारखेच वही न तपासता बाण पुसले असते, तर तिने हीच चूक वीस वेळा गिरवली असती, आणि जुळवायला उत्तरही तेच चुकीचं मिळालं असतं.

दुसऱ्या शीटवर प्रत्येक ओळीच्या उजवीकडे दोन छोटे चौकोन ठेवले: 'बाण किती' आणि 'एकूण भार'. बाण काढण्याआधी पहिला भरायचा, काढल्यानंतर दुसरा. एनोलेटचा ऋण भार ऑक्सिजनवर दाखवायचा असेल तर एनोलेट होताना तीन बाण, एनोलेट दुसऱ्या कार्बोनिलवर जाताना तीन, अल्कॉक्साइडने पाण्यातून प्रोटॉन घेताना दोन. भार प्रत्येक ओळीत दोन्हीकडे उणे एक. भार कार्बनवर दाखवला तर पहिल्या ओळीत दोनच बाण लागतात, म्हणून शीटवर कुठला प्रकार हवा ते लिहून टाकावं; मुलं यावरून उगाच भांडतात. एक ओळ सोडून एक अशा पद्धतीने पुढची रचनाही रिकामी ठेवली. सगळंच रिकामं ठेवू नये. पहिल्या ओळीत चुकलं की खालचं सगळं चुकतं आणि नेमकी अडचण कुठे होती ते कळत नाही. पायऱ्यांमधला बाण मात्र दुहेरी, समतोलाचाच छापला. इथॅनालचा पीकेए सतराच्या जवळ आणि पाण्याचा १५.७, म्हणजे एनोलेट थोडाच होतो.

दुसऱ्या दिवशी कूलरच्या वाऱ्याने उडू नये म्हणून कागदावर डस्टर ठेवून ती बसली. पहिल्याच ओळीत अल्डिहाइडचा हायड्रोजन काढला. आधीच्या शीटवर ही चूक करायला जागाच नव्हती. तो बंध कार्बोनिलच्या प्रतलातच असतो. तिथे सुटलेली जोडी पाय बंधाला काटकोनात राहते आणि ऑक्सिजनपर्यंत पसरू शकत नाही. अल्फाची जोडी पसरते. हे मी काड्यापेटीच्या काड्यांनी दाखवलं, फळ्यावर प्रतल कळत नाही.

तिने खोडून अल्फा हायड्रोजन घेतला, पण 'बाण किती' मध्ये २ लिहिले. हायड्रॉक्साइडकडून हायड्रोजनला एक, C–H बंधाकडून C–C कडे दुसरा, आणि थांबली. खालची रचना रिकामी होती, म्हणून तिला स्वतः काढावी लागली. कार्बोनिल कार्बनवर बंध मोजले: ऑक्सिजनशी दोन, शेजारच्या कार्बनशी आता दोन, हायड्रोजनशी एक.

"सर, पाच होऊन राहिले."

मी काही बोललो नाही. तिने C=O च्या मधून ऑक्सिजनकडे तिसरा बाण काढला, चौकोनातला २ खोडून ३ केला आणि मग न विचारता प्रोपॅनालची कोरी शीट ओढून घेतली.