क्रिएटिन व्यायामाआधी की नंतर: माझी वही उघडली तेव्हा

पहिले पाच आठवडे मी क्रिएटिन अगदी घड्याळ लावून घेतलं. व्यायामाच्या पाऊण तास आधी पाच ग्रॅम, हा नियम माझा मीच केलेला. कामावरून निघायला उशीर झाला की हातात जेमतेम दहा मिनिटं उरायची, मग 'आता घेऊन काय उपयोग' म्हणून डबा बॅगेतच राहायचा. सुट्टीच्या दिवशी तर प्रश्नच नव्हता. व्यायामच नाही तर क्रिएटिन कशाला?

घेतलं त्या दिवशी अंगात तरतरी यायची, त्यामुळे नियम बरोबर आहे अशी माझी खात्रीच होती. एकदा डबा घरी राहिला, कॉफी मात्र प्यायलो होतो, आणि तरतरी तेवढीच आली. ती सगळी कॉफीची होती तर! क्रिएटिनला असला झटका नसतोच.

वजनांच्या आकड्यांत फरक दिसेना तेव्हा जिममधल्या एका जुन्या गड्याने विचारलं, "वहीत लिहितोस ना? मग घेतलेले डोस मोज." मोजले. पस्तीस दिवसांत वीस वेळा व्यायाम आणि डोस फक्त तेरा. म्हणजे एकूण 65 ग्रॅम, रोजचे दोन ग्रॅमही नाहीत.

मग त्याने जे सांगितलं, ते मी सुरुवातीलाच समजून घ्यायला हवं होतं. साधारण सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरात क्रिएटिनचा साठा सुमारे 120 ग्रॅम असतो, जवळपास सगळा स्नायूंमध्ये. त्यातला दीड-दोन टक्के, म्हणजे रोज दोनेक ग्रॅम, क्रिएटिनिन होऊन लघवीवाटे जातो. ही तूट शरीर स्वतः तयार करून आणि अन्नातून भरून काढतं. वरून आपण घेतो तो साठा आणखी चढवण्यासाठी. सोमवारच्या सेटला स्नायू सोमवारची भुकटी वापरत नाही, गेल्या कित्येक दिवसांत साठलेलं वापरतो. मी रांजणात दोन-तीन दिवसांनी एकदा तांब्या ओतत होतो आणि तो किती वाजता ओतायचा याची चिंता करत होतो.

1996 मध्ये हल्टमन आणि सहकाऱ्यांनी दोन पद्धती तपासल्या होत्या: सहा दिवस रोज 20 ग्रॅम, किंवा 28 दिवस रोज 3 ग्रॅम. दोन्हींत स्नायूंतला साठा सारखाच, सुमारे वीस टक्के वाढला. पहिला रस्ता मी घेतला नाही, कारण बुडालेला डोस भरून काढायला एकदा दहा ग्रॅम एकदम घेतले होते आणि ती संध्याकाळ संडासात गेली होती.

म्हणून सकाळी दात घासल्यावर रोज पाच ग्रॅम सुरू केले. चमचा काट्यावर मोजला तर सपाट भरून 3.6 ग्रॅमच निघाला, म्हणजे माझे 'पाच' कधी पाच नव्हतेच. शिवाय गार पाण्यात भुकटी नीट विरघळत नाही, ती पेल्याच्या तळाशी वाळूसारखी बसते आणि धुताना बेसिनमध्ये जाते. आता कोमट पाणी घेतो, आणि प्यायल्यावर पेल्यात घोटभर पाणी हिंदळून तेही पितो.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी 24 किलोच्या डंबेल प्रेसचा तिसरा सेट सातवरून नऊवर गेला. वजन किलोभर वाढलं, त्यातलं बरंचसं स्नायूंत ओढलं गेलेलं पाणी. दोन रेप्सचं सगळं श्रेय क्रिएटिनला देणार नाही, व्यायामही चालूच होता.

पण वेळेला काहीच अर्थ नाही असंही म्हणवत नाही. 1992 मध्ये हॅरिस यांच्या प्रयोगात एकाच पायाने व्यायाम करवला, तर त्या पायाने दुसऱ्यापेक्षा जास्त क्रिएटिन ओढून घेतलं. म्हणजे राबलेला स्नायू भुकेला असतो हे खरं. 2013 मध्ये 19 जणांवर चार आठवडे 'आधी' आणि 'नंतर' अशी तुलना झाली. कल किंचित 'नंतर'कडे होता, पण फरक इतका बारीक की संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही. ज्येष्ठांवर 32 आठवडे चाललेल्या अभ्यासातही आधी-नंतरमध्ये फरक निघाला नाही. मला हे पटतं: रांजण भरेपर्यंत ओढ जास्त असल्याचा थोडा फायदा असेलही, पण काठोकाठ भरल्यावर जास्तीचं बाहेरच जाणार.

मागच्या महिन्यात प्रवासात दोन दिवस डबाच नव्हता. आधीचा मी असतो तर तिसऱ्या दिवशी पंधरा ग्रॅम ढोसले असते. दोन दिवसांत साठा थोडासाच उतरतो, वरून चढवलेला पूर्ण ओसरायला चारेक आठवडे लागतात. परतल्यावर सकाळी नेहमीचे पाच ग्रॅम घेतले.